‘अनुज्ञेय’ म्हणजे मंजूर नाही : एका बांधकाम परवानगीच्या भाषांतराची केस

सप्टेंबर २०२३. एका बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला, बांधकाम परवानगीचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे, बेंगळुरूच्या फंडाला पाठवूनही झालंय, पण तिकडच्या वकिलांनी चार प्रश्न काढलेत, तेव्हा तुम्ही जरा नजर टाकून सही-शिक्का देता का मॅडम. मी म्हटलं भाषांतर नंतर बघते, आधी मूळ मराठी कागद पाठवा, सगळे, नकाशासकट. नकाशाचं काय काम असं त्यांना वाटलं, पण पाठवला, आणि बरं झालं पाठवला.

प्रकल्प म्हणाल तर साधा. पुण्याच्या पट्ट्यातली दहा लाखांवर लोकसंख्या असलेली एक महापालिका, १२ मीटर रस्त्याला लागून असलेला प्लॉट, दोन बिल्डिंग, खाली पार्किंग. बिल्डर मराठी, आर्किटेक्ट मराठी, पैसे लावणारा फंड मात्र बेंगळुरूचा आणि तिथल्या कोणालाच मराठी येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रकल्प म्हणजे ते इंग्रजी भाषांतर, बस. मुख्य कागद चार होते: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्याच्या अटी, मंजूर नकाशावरचा क्षेत्रफळाचा तक्ता, झोन दाखला भाग नकाशासह, आणि ७/१२.

आता वकिलांचे चार प्रश्न. एक, तुम्हाला जवळजवळ ८९०० चौ.मी. मंजूर आहे, शिवाय वरती ६० टक्के, मग नकाशात फक्त ८५४० का? दोन, कृषी विभागाचं ना हरकत कुठे आहे? तीन, प्लॉट ४००० चौ.मी.च्या वर आहे तर छोट्या घरांचे २० टक्के आणि मोकळी जागा का दाखवली नाही? चार, परवानगी चार वर्षं आहे असं लिहिलंय, हे बरोबर आहे ना? बिल्डरच्या ऑफिसात सगळे वैतागले होते, कारण त्यांच्या दृष्टीने फंड उगाच शंका काढत होता. मी मूळ कागद आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवून बसले आणि दीड तासात लक्षात आलं की फंडाचा एकही प्रश्न उगाच नाही, त्यांनी जे वाचलं त्यावरून तेच विचारायला हवं होतं. चूक कागदात नव्हती, भाषांतरात होती.

पहिला प्रश्न सगळ्यात महागडा, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

क्षेत्रफळाच्या तक्त्यात तीन वेगवेगळे शब्द येतात. अनुज्ञेय, प्रस्तावित, मंजूर. अनुज्ञेय म्हणजे नियमाने जास्तीत जास्त किती मिळू शकतं ते. प्रस्तावित म्हणजे आर्किटेक्टने या अर्जात किती मागितलं ते. मंजूर म्हणजे महापालिकेने किती दिलं ते. आधीच्या भाषांतरात तिन्हींना एकच शब्द होता, अप्रूव्हड. वाक्य म्हणून इंग्रजी अगदी छान, वाचणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही, आणि म्हणूनच चूक दिसत नाही.

आकड्यांनी सांगते. प्लॉट ३९६० चौ.मी. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, त्यात दाट वस्तीबाहेरच्या प्लॉटला महापालिका हद्दीत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१० आहे, आणि १२ मीटर रस्त्याला त्यावर पैसे भरून प्रीमियम ०.५० पर्यंत आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, ०.६५ पर्यंत. बेरीज २.२५. म्हणजे ३९६० गुणिले २.२५, ८९१० चौ.मी. हा झाला ‘कमाल अनुज्ञेय’ आकडा, म्हणजे वरचं झाकण. बिल्डरने प्रत्यक्षात काय घेतलं होतं? मूळ ४३५६ चौ.मी. आणि प्रीमियम भरून १०००, टीडीआर एक चौरस मीटरसुद्धा नाही. झाले ५३५६. त्यावर रहिवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय मिळतो, ज्याला साईटवर सगळे ‘एन्सिलरी’च म्हणतात, तोही पैसे भरून. ५३५६ चे ६० टक्के म्हणजे ३२१३.६०, एकूण ८५६९.६०, आणि नकाशात वापरले ८५४०. सगळं नीट बसतंय. कुठेही काही लपवलेलं नाही.

पण फंडाने वाचलं ‘अप्रूव्हड ८९१०’. त्यावर ६० टक्के चढवले की होतात १४,२५६. आणि नकाशात दिसतात ८५४०. मधले ५७१६ चौ.मी. गेले कुठे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यातून त्यांना दोन शक्यता दिसत होत्या, एक तर बिल्डर काही वेगळं विकणार आहे किंवा त्याला स्वतःचाच प्लॉट कळलेला नाही. एका शब्दामुळे हा संशय. प्रीमियमचे उरलेले ९८० आणि टीडीआरचे २५७४ चौ.मी. अजून विकत घ्यायचे आहेत, त्याला पैसे लागतील, सुधारित नकाशे मंजूर करून घ्यावे लागतील, म्हणजे तो आज हातातला माल नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

यातच दुसरी एक चूक गुंतलेली होती आणि ती मला जास्त धोक्याची वाटते. ‘चटई क्षेत्र’. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफएसआय, इथे चटई क्षेत्र म्हणजे सगळं बांधकाम. आणि घर विकताना रेराच्या हिशोबात जे ‘चटई क्षेत्र’ म्हणतात ते म्हणजे कार्पेट, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस वगळून घराच्या आतली वापरायची जागा. भाषांतरकाराने तक्त्यातल्या ‘एकूण चटई क्षेत्र ८५४०’ ला सरळ ‘टोटल कार्पेट एरिया’ लिहिलं होतं. आता यूडीसीपीआरमध्ये एफएसआय पी-लाईनने मोजतात, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या रेषेच्या आत जे येतं ते, त्यात भिंती, जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी सगळं आलं. ही जागा कोणी कार्पेट म्हणून विकू शकत नाही. फंड विक्रीचा अंदाज कार्पेटवर दर लावून काढतो, तेव्हा ८५४० ला कार्पेट धरलं की येणारे पैसे जे दिसतात ते कधीच येणार नसतात. मी आर्किटेक्टना फोन लावला. म्हटलं, सर, तुमच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत चटई क्षेत्र लिहिलंय ते पी-लाईनचं ना? म्हणाले, “अहो मॅडम, पी-लाईनचंच, कार्पेट माझ्या तक्त्यात कुठे असणार, ते रेराला वेगळं जातं.” हे एक वाक्य मी भाषांतराच्या टिपेत त्याच अर्थाने घातलं.

तेव्हापासून मी एक सवय ठेवली आहे. चटई क्षेत्र दिसलं की आधी बघायचं, शेजारी निर्देशांक, अनुज्ञेय, प्रीमियम, टीडीआर यातलं काही आहे का, की सदनिका क्रमांक आहे. पहिलं असेल तर फ्लोअर एरिया, दुसरं असेल तर कार्पेट. आणि दोन्ही एकाच कागदात असतील तर पहिल्याच पानावर टीप.

रस्त्याच्या रुंदीचं पण सांगून टाकते. एफएसआयच्या कोष्टकात ओळी ‘९ मी. व त्यापेक्षा जास्त परंतु १२ मी. पेक्षा कमी’ अशा असतात, पुढची ‘१२ मी. व त्यापेक्षा जास्त परंतु १५ मी. पेक्षा कमी’. बिल्डरच्या लोकांनी फंडासाठी नियमांचा सारांश केला होता त्यात हे ‘९ ते १२’ आणि ‘१२ ते १५’ झालं होतं. आपला रस्ता नेमका १२. मग कुठली ओळ? वरची धरली तर कमाल २.००, खालची धरली तर २.२५, आणि या प्लॉटवर फरक ९९० चौ.मी. ‘पेक्षा कमी’ हे दोन शब्द वाचायला जड वाटतात म्हणून सारांशात उडवले जातात. मी नियमावलीतली पूर्ण ओळ परत घातली, शब्द न शब्द.

दुसरा प्रश्न कृषी विभागाचा. झोन दाखल्यात लिहिलं होतं, सदर गट नंबर मंजूर विकास योजनेनुसार अंशतः रहिवास विभागात व अंशतः शेती विभागात समाविष्ट आहे. ‘विभाग’ म्हणजे इथे झोन, पण मराठीत विभाग म्हणजे सरकारी खातं पण, आणि भाषांतरात ते ‘ॲग्रिकल्चर डिपार्टमेंट’ झालं होतं. वकिलांनी साहजिकच त्या खात्याचं पत्र मागितलं. हे शब्दापुरतं दुरुस्त करणं सोपं होतं, पण दुरुस्त केल्यावर खरा प्रश्न समोर आला, की जमीन अंशतः शेती झोनमध्ये आहे तर मग आपला प्लॉट नेमका कुठे? दाखला अख्ख्या गटाचा असतो, आपण घेतलेला असतो त्यातला हिस्सा. उत्तर शब्दांत नाहीच, ते भाग नकाशात आहे, रंगांमध्ये. म्हणून मी नकाशा मागवला होता. त्यात आपला हिस्सा पूर्ण पिवळ्यात, हिरवा सुरू होतो तो मागच्या शेजाऱ्याच्या हद्दीपासून. आधीच्या भाषांतरात भाग नकाशावर फक्त ‘मॅप अटॅच्ड’ असं लिहून सोडून दिलं होतं. मी नकाशाच्या कोपऱ्यातली रंगसूची, उत्तर दिशा, प्रमाण, त्यावरचा शिक्का, सगळं भाषांतरित केलं, आणि हद्दीबद्दल मी स्वतः काही म्हणायचं नाही म्हणून आर्किटेक्टकडून सहीचं एक पानी पत्र घेतलं की हिस्सा रहिवास झोनमध्येच आहे. भाषांतरकाराने नकाशा वाचून निष्कर्ष काढू नये. पण नकाशा वाचायला लागेल एवढं वाचणाऱ्याच्या हातात द्यायलाच हवं.

तिसरा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं मूळ फार जुन्या सवयीत आहे. ७/१२ वर क्षेत्र लिहितात ०.३९.६०. म्हणजे शून्य हेक्टर, ३९ आर, ६० चौ.मी. एक आर म्हणजे १०० चौ.मी., तर हे झाले ३९६० चौ.मी., आणि परवानगीतही तोच आकडा. पण आपल्याकडे बोलताना आर कोणी म्हणत नाही, सगळे गुंठेच म्हणतात. साठेखताच्या सारांशात कोणीतरी ‘३९.६० गुंठे’ लिहिलं, आणि भाषांतरकाराने प्रामाणिकपणे गुंठ्याचं चौरस मीटर केलं. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०१.१७ चौ.मी. ३९.६० ला त्याने गुणलं की येतात ४००६.

आणि ४००० हा आकडा यूडीसीपीआरमध्ये साधासुधा नाही. ४००० चौ.मी. आणि त्यावरच्या प्लॉटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि दहा लाखांवरच्या शहरात मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकं बांधकाम ३० ते ५० चौ.मी.च्या छोट्या घरांसाठी द्यावं लागतं. आपला प्लॉट त्या रेषेच्या ४० चौ.मी. खाली आहे. आर आणि गुंठ्याच्या गोंधळात तो कागदावर रेषेच्या ६ चौ.मी. वर गेला, आणि बेंगळुरूच्या वकिलांना वाटलं की महापालिकेने नियम सोडून परवानगी दिली. म्हणजे परवानगीच बेकायदा! मला विचाराल तर चारपैकी हा प्रश्न फंड मागे हटायला सगळ्यात जवळचा होता, आणि बिल्डरच्या ऑफिसात त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष होतं, “अहो ते ४० चौ.मी. चं काय एवढं” असं चाललं होतं.

यात भाषांतरकाराने काय करायचं? आकडा रूपांतरित करायचाच नाही. मूळात ०.३९.६० आहे तर इंग्रजीतही तसंच, आणि खाली टीप की हे हेक्टर-आर-चौ.मी. असं वाचावं, म्हणजे ३९६० चौ.मी., आणि परवानगीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी जुळतं. गुंठ्याचा उल्लेख ज्या कागदात आहे तिथे गुंठाच ठेवायचा, आणि दोन कागदांत फरक दिसतोय हे स्पष्ट लिहायचं. फरक झाकणं हे आपलं काम नाही. साठेखतातली चूक वकिलांनी नंतर चूकदुरुस्ती दस्ताने सुधारून घेतली.

चौथा प्रश्न मुदतीचा. मूळ अट अशी होती: ‘सदर परवानगी एक वर्षापर्यंत वैध राहील. त्यानंतर नूतनीकरण दरवर्षी करून घेणे आवश्यक राहील. अशी वाढीव मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असणार नाही. विहित मुदतीत जोत्यापर्यंत काम पूर्ण न झाल्यास नव्याने परवानगी घ्यावी लागेल.’ आधीच्या भाषांतरात एक अधिक तीन मिळून ‘व्हॅलिड फॉर फोर इयर्स’, आणि जोत्याला, म्हणजे प्लिंथला, ‘प्लॅटफॉर्म’.

ही अट महापालिकेने मनाने घातलेली नाही, ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४८ मधून येते. परवानगी एक वर्षाची, अर्ज केला तर दरवर्षी वाढते, वाढ तीन वर्षांपलीकडे नाही, आणि त्या मुदतीत काम जोत्यापर्यंत, किंवा जोतं नसेल तर तळघराच्या वा स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंत आलं नाही तर नवीन परवानगी. आपल्या परवानगीची तारीख जानेवारी २०२३ ची. फंडाने चार वर्षं धरून जोत्याचं काम २०२४ च्या उन्हाळ्यात ठेवलं होतं, आणि बिल्डरच्या माणसाला वाटत होतं की मुदतीचं आर्किटेक्ट बघतायत. सप्टेंबर चालू होता, खोदकाम चालू होतं, जानेवारीला चार महिने राहिलेले. नूतनीकरणाचा अर्ज अजून कुठेच नव्हता. मी भाषांतर थांबवून आधी फोन केला. हे भाषांतराच्या कामात बसतं की नाही यावर लोक वाद घालतील, पण कागद वाचणारी मी एकटीच होते तेव्हा, सांगायलाच हवं होतं.

आणि ‘प्लॅटफॉर्म’मुळे काय होतं ते बघा. कर्जाच्या करारात हप्ता ‘प्लिंथ’ झाल्यावर सोडायचा असतो, आणि महापालिकेची जोते तपासणी हा त्याचा पुरावा. परवानगीत जर प्लॅटफॉर्म लिहिलं असेल आणि तपासणी दाखल्यात प्लिंथ, तर बँकेच्या माणसाला ते दोन वेगळे टप्पे वाटतात आणि हप्ता अडकतो.

वकिलांनी न विचारलेली एक गोष्ट शेवटी सापडली. पहिल्याच अटीत होतं की सेटबॅकच्या नियमामुळे मोकळी होणारी जागा सार्वजनिक रस्त्याचा भाग राहील. पुढे नवव्या अटीत ‘सामासिक अंतरे नकाशाप्रमाणे कायम मोकळी ठेवावीत’. भाषांतरकाराने दोन्हीकडे ‘सेटबॅक’ लिहिलं. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला असं वाटतं की बिल्डिंगच्या चारी बाजूची मोकळी जागा रस्त्यात जाणार. तसं नाहीये. रस्त्याच्या रेषेसाठी सोडायची जागा पालिकेकडे जाते, सामासिक अंतर मात्र प्लॉटचंच राहतं, फक्त तिथे बांधायचं नाही. गंमत म्हणजे यूडीसीपीआरच्या इंग्रजीतही सेटबॅक हा शब्द कधी कधी मार्जिनसाठी येतो, त्यामुळे भाषांतरकाराला दोष देताना मी थोडी थांबते. पण ज्या कागदात दोन्ही अर्थ शेजारी आहेत तिथे नववीला ‘मार्जिनल ओपन स्पेस’ लिहायचं आणि पहिलीला सेटबॅक ठेवायचं, एवढं करता येतं.

इथे मला या कामाची खरी किल्ली दिसते. महापालिकेची मराठी ही मुळात इंग्रजीतून आलेली आहे. प्रारंभ प्रमाणपत्राचा नमुना नियमावलीच्या परिशिष्टात इंग्रजीत छापलेला आहे, कायदाही इंग्रजीत उपलब्ध आहे, आणि अटींची मराठी वाक्यं वाचली की मागचं इंग्रजी वाक्य ओळखू येतं. तेव्हा माझं काम नवीन इंग्रजी तयार करणं नाही, ते मूळ इंग्रजी वाक्य शोधून काढणं आहे. मी नमुना आणि परवानगी शेजारी ठेवून प्रत्येक अट जुळवली. सत्तावीसपैकी अठरा जुळल्या, तिथे नमुन्यातलेच शब्द वापरले. उरलेल्या नऊ या फाईलसाठी खास घातलेल्या, त्यात झाडं, पाण्याची हमी, शेजाऱ्याच्या भिंतीची काळजी वगैरे, त्या नव्याने केल्या आणि खरा वेळ त्यांनाच दिला. नमुन्यापेक्षा जिथे मराठीत एक शब्द जास्त किंवा कमी होता तिथे मी मराठीच्या बाजूने गेले, कारण सही मराठी कागदावर आहे.

‘राहील’ आणि ‘करण्यात यावे’ यावर दोन तास गेले ते सांगत नाही बसत, एवढंच की ‘बंधनकारक राहील’ आणि ‘आवश्यक राहील’ दोन्हीला शॅल, ‘करता येईल’ ला मे, आणि हे सगळ्या पानांवर एकसारखं.

पाच दिवसांनी नवीन भाषांतर गेलं, सोबत तीन पानी टीप: कुठल्या शब्दाला काय लिहिलं आणि का, आधीच्या भाषांतरात काय बदललं, आणि आर्किटेक्टचं पत्र. वकिलांचा एकच उलटा फोन आला, उरलेले ९८० आणि २५७४ चौ.मी. पुढे घेता येतील का. ते बिल्डरला विचारा म्हटलं, कागदात फक्त अनुज्ञेय आहे. फंडाने हिशोब ८५४० च्या पी-लाईनवर परत मांडला, विक्रीसाठी आर्किटेक्टचा वेगळा कार्पेट तक्ता घेतला, रक्कम खाली आली पण करार झाला. नूतनीकरणाचा अर्ज डिसेंबरमध्ये गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नूतनीकरणाचं पत्र माझ्याकडे भाषांतराला आलं, आणि एप्रिलमध्ये जोते तपासणीचा दाखला, त्यात मी लिहिलं प्लिंथ.